भार कुठे ठेवायचा?

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तिकाम जवळजवळ वर्षभर चालते, पण माल बाहेर पडतो तो गणेशोत्सवाच्या आधीच्या थोड्या महिन्यांत. मधल्या काळात तयार मूर्ती ठेवायला जागा हवी, म्हणून कारखान्यात माळे घातलेले असतात. असा एक माळा डोळ्यांसमोर आणू. दोन टोकांना भिंती, मधोमध एक खांब आणि तिन्हींवर सलग टाकलेला लोखंडी बीम. म्हणजे ४-४ मीटरचे दोन गाळे झाले. दोन्ही गाळ्यांत मूर्ती खच्चून भरल्या, तेव्हा बीमवर दर मीटरला १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण टनभर वजन आले असे धरू. या अवस्थेत प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर या वजनाचा मोमेंट येतो १० किलोन्यूटन-मीटर. आता उजव्या गाळ्यातल्या मूर्ती ट्रकमध्ये चढल्या आणि तो गाळा रिकामा झाला. माळ्यावरचे वजन निम्म्यावर आले. डाव्या गाळ्याच्या मध्यावरचा मोमेंट मात्र १० वरून १५ झाला.

वजन उतरवल्यावर बीमला जास्त सोसावे लागते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही आणि न पटणे स्वाभाविक आहे. प्रत्येक गाळ्यावर वेगळा, सुटा बीम असता तर शेजारच्या गाळ्यात काय चालले आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. सलग बीमचे तसे नाही. उजव्या गाळ्यातले वजन उजवीकडे बीम खाली दाबते, त्यामुळे मधल्या खांबावर बीम कलतो आणि डावा गाळा वर उचलला जातो. म्हणजे शेजारचे वजन आपल्या गाळ्याला आधारच देत होते. ते काढले की तो आधार जातो. म्हणून सलग बीमच्या बाबतीत ‘किती भार’ या प्रश्नाच्या आधी ‘भार कुठे’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देणारे चित्र म्हणजे प्रभावरेषा. आपल्याकडच्या वर्गांत आणि कचेऱ्यांत तिला ‘इन्फ्लुअन्स लाइन’ म्हणतात. सोयीसाठी मी दोन्ही शब्द वापरणार आहे.

ही पुस्तिका पेण-रोह्याकडच्या डिप्लोमा आणि डिग्रीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नुकतेच साइटवर जाऊ लागलेल्या इंजिनिअरांसाठी आहे. तिचा विषय मुद्दाम एवढासा ठेवला आहे: तीन आधारांवरचा, दोन सारख्या गाळ्यांचा, सर्वत्र एकाच जाडीचा बीम. डावे टोक अ, मधला आधार ब, उजवे टोक क. या एका बीमच्या प्रभावरेषा हाताने, स्लोप-डिफ्लेक्शनची समीकरणे न मांडता, बीम वाकल्यावर कसा दिसेल एवढ्याच विचारावरून काढता आल्या की तीन-चार गाळ्यांच्या बीमकडे जाताना फारसे नवे शिकावे लागत नाही.

प्रभावरेषा आणि मोमेंटचा आलेख यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करू. मोमेंटच्या आलेखात भार एका जागी थांबलेला असतो आणि आपण बीमभर फिरून प्रत्येक ठिकाणचा मोमेंट मोजतो. प्रभावरेषेत उलटे घडते. मोजण्याची जागा ठरलेली असते, समजा ‘अ’ची प्रतिक्रिया, आणि १ एकक वजनाचा भार बीमवरून फिरतो. भार जिथे असेल तिथे रेषेची उंची म्हणजे त्या वेळची ‘अ’ची प्रतिक्रिया. एकच रेषा, पण भाराच्या सगळ्या जागांचा हिशेब तिच्यात बसलेला.

ही रेषा काढायची साधी युक्ती जर्मन इंजिनिअर हाइनरिश म्युलर-ब्रेस्लाऊ यांच्या नावाने ओळखली जाते. १८८० च्या दशकात त्यांनी ती मांडली, पण तिचा पाया आधीच घातला गेला होता: मॅक्सवेलचा १८६४ चा आणि बेट्टीचा १८७२ चा परस्परतेचा सिद्धांत. युक्ती अशी. ज्या प्रतिक्रियेची किंवा मोमेंटची रेषा हवी, तिला अडवणारे बंधन बीममधून काढून टाका. प्रतिक्रिया असेल तर तो आधार काढा. मोमेंट असेल तर त्या जागी हिंज बसवा. मग काढलेल्या बंधनाच्या दिशेने बीमला एक एकक हलवा. बीम जो आकार घेईल, तीच प्रभावरेषा.

हे जादूसारखे वाटते, पण सिद्धता दोन ओळींची आहे आणि ती सोडून पुढे जाऊ नये. पहिली अवस्था: बीम जसाच्या तसा, कुठेतरी १ वजन आणि ‘अ’ला वरच्या दिशेने प्रतिक्रिया. दुसरी अवस्था: ‘अ’चा आधार काढून ते टोक १ एकक वर उचललेले, आणि वजनाच्या जागी बीम काही उंचीने वर आलेला. बेट्टी सांगतो की पहिल्या अवस्थेतल्या बलांनी दुसऱ्या अवस्थेतल्या हालचालींवर केलेले काम आणि दुसऱ्या अवस्थेतल्या बलांनी पहिल्या अवस्थेतल्या हालचालींवर केलेले काम सारखे असते. दुसऱ्या अवस्थेत उचलणारे बल ‘अ’वर आहे, पण पहिल्या अवस्थेत ‘अ’ हललेलाच नाही. ब आणि क तर दोन्ही अवस्थांत जागचे जागी. म्हणजे ते काम शून्य. मग पहिले कामही शून्य: प्रतिक्रिया गुणिले १, वजा १ वजन गुणिले ती उंची. प्रतिक्रिया म्हणजेच ती उंची.

आता बीम वाकवू. ‘ब’ची प्रतिक्रिया हवी तर मधला आधार काढून बीम तिथे १ एकक वर ढकला. राहिलेला बीम अ आणि क या दोन टोकांवर टेकलेला, दोन गाळ्यांएवढा लांब, मध्यावर उचललेला. तो कसा वाकेल हे कुणीही सांगेल: गुळगुळीत कमानीसारखा, मध्यावर सपाट, टोकांकडे उतरता. वहीत नेहमी दिसणारी चूक म्हणजे तंबू. अ पासून ब पर्यंत सरळ रेघ, ब पासून क पर्यंत दुसरी सरळ रेघ. सरळ रेघा येतात त्या सुट्या बीमच्या प्रभावरेषेत, कारण तिथे बंधन काढले की बीम वाकत नाही, नुसता फिरतो. सलग बीममध्ये एक बंधन जास्तीचे असल्यामुळे तो वाकतोच. फरक किरकोळ नाही. तंबू काढला तर गाळ्याच्या मध्यावर उंची ०.५ येते, खरी उंची ०.६९ आहे. टोकापासून पाव, अर्ध्या आणि पाऊण गाळ्यावरच्या उंच्या अनुक्रमे ०.३७, ०.६९ आणि ०.९१. वाकण किती फुगीर काढायची याचा एवढा अंदाज हाताला असला की पुरे.

‘अ’ची प्रतिक्रिया हवी तर डावा आधार काढून ते टोक १ एकक उचला. बीम अजून ब आणि क वर टेकलेला आहे, त्यामुळे तो ‘ब’वरून वाकून पलीकडे थोडा खाली जाईल आणि ‘क’ला पुन्हा शून्यावर येईल. ‘ब’वर आधार आहे म्हणून उंची शून्य, पण तिथे बीम तुटलेला नाही. म्हणून रेषा ‘ब’मधून कोपरा न करता, एकाच उताराने पार झाली पाहिजे. हे तपासायला पेन्सिल उलटी ठेवून स्पर्शरेषा पाहावी. डाव्या गाळ्यात उंच्या १, ०.६९, ०.४१, ०.१७ अशा उतरतात. उजव्या गाळ्यात रेषा खाली जाते, पण जेमतेम ०.०९६ पर्यंत. म्हणजे दुसऱ्या गाळ्यातले वजन अ टोक वर उचलायला पाहते, पण स्वतःच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जोराने.

इथे एक तपासणी आहे. भार कुठेही असो, तिन्ही प्रतिक्रियांची बेरीज १ झाली पाहिजे. डाव्या गाळ्याच्या मध्यावर भार ठेवला तर अ ०.४०६, ब ०.६८८ आणि क वजा ०.०९४. बेरीज १. ‘क’ची रेषा ‘अ’च्या रेषेची आरशातली प्रतिमा असल्यामुळे वेगळी काढावीच लागत नाही. तीन रेषांचे चित्र एकाखाली एक काढून एखाद-दोन जागी उभी रेघ मारावी. बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा वजा चिन्ह विसरलेले असते.

मोमेंटकडे वळू. ‘ब’वरच्या मोमेंटसाठी तिथे हिंज बसवा आणि कापलेल्या दोन्ही तोंडांवर धन, म्हणजे तळ ताणणारा मोमेंट लावा. हिंज बसल्यावर दोन गाळे दोन सुटे बीम झाले, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला मोमेंट. दोन्ही गाळे खाली झुकतात. रेषा दोन्हीकडे ऋण आहे: भार कुठल्याही गाळ्यात असो, मधल्या आधारावर मोमेंट हॉगिंगचाच, वरची बाजू ताणणारा. झोळ गाळ्याच्या बरोबर मध्यावर नसतो, मोमेंट लावलेल्या टोकाकडे, म्हणजे ‘ब’कडे सरकलेला असतो. बाहेरच्या आधारापासून ०.५७७ गाळ्यावर तो सर्वांत खोल, आणि खोली गाळ्याच्या लांबीच्या ०.०९६ पट. विद्यार्थी मध्यावर काढतात. रेखाटनापुरते ते चालूनही जाईल, पण पुलावर जड आस नेमका कुठे उभा करायचा हे ठरवताना नाही.

गाळ्याच्या मध्यावरच्या मोमेंटसाठी हिंज मध्यावर. तोंडांवर धन मोमेंट लावला की हिंजची जागा वर उचलली जाते आणि तिथे कोपरा पडतो. त्या कोपऱ्यातला एकूण कोन १ एकक असायला हवा. बाकी सगळीकडे रेषा गुळगुळीत: कोपऱ्यावरून उतरून ‘ब’मधून पार आणि उजव्या गाळ्यात उथळ झोळ. कोपऱ्याची उंची गाळ्याच्या ०.२०३ पट. सुट्या बीममध्ये ती ०.२५ असते.

आता सुरुवातीच्या माळ्याचा हिशेब सुटतो. एकसारख्या पसरलेल्या वजनासाठी उंच्यांऐवजी रेषेखालचे क्षेत्रफळ घ्यायचे. मध्यावरच्या मोमेंटच्या रेषेत स्वतःच्या गाळ्याचे क्षेत्रफळ गाळ्याच्या वर्गाच्या ३/३२ पट, शेजारच्या गाळ्याचे वजा १/३२ पट. दोन्ही भरले तर २/३२, एकच भरला तर ३/३२. ४ चा वर्ग १६, गुणिले १०. म्हणून १० आणि १५. मधल्या खांबावर उलटे चित्र: तिथे दोन्ही गाळ्यांची क्षेत्रफळे एकाच चिन्हाची, प्रत्येकी १/१६, म्हणून पूर्ण भरलेल्या माळ्यावर २० आणि अर्ध्या भरलेल्यावर १०. एकाच बीमच्या दोन जागांसाठी घातक मांडणी वेगवेगळी आहे. (मध्यावरचा आकडा हा गाळ्यातला सर्वांत मोठा आकडा नाही. तो थोडा टोकाकडे असतो. पण फरक इतका कमी की रेखाटनात तो शोधत बसू नये.)

रिकाम्या उजव्या गाळ्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. त्याच्या मध्यावर मूर्तींमुळे वजा ५ येतात. माळ्याचे स्वतःचे वजन, बीम आणि फळ्या धरून, मीटरला १.५ किलोन्यूटन असेल तर ते अधिक १.५ देते. उरले वजा ३.५. रिकाम्या गाळ्याच्या मध्यावर बीमची वरची बाजू ताणात आहे! लोखंडी बीमला वर-खाली सारखेच, त्यामुळे तो सहसा खपवून घेतो. पण हाच माळा आरसीसीचा असता आणि गाळ्याच्या मध्यावर वरच्या सळ्या तोडलेल्या असत्या, तर स्लॅबच्या वरच्या अंगाला, भार नसलेल्या जागी तडा दिसला असता आणि ‘इथे तर काही ठेवलेलेच नव्हते’ असे म्हणत सगळे डोके खाजवत बसले असते. आरसीसीच्या माळ्याचे स्वतःचे वजन जास्त असल्यामुळे हे टळण्याची शक्यता असते. आयएस ४५६ मध्येही तशी सूट आहे: वापराचा भार कायमच्या भाराच्या पाऊणपटीहून जास्त नसेल तर दोन्ही भार सगळ्या गाळ्यांवर एकदम धरले तरी चालते. हलक्या बांधणीच्या आणि जड मालाच्या माळ्याला ती सूट लागू होणार नाही, हे आकड्यांवरूनच दिसते.

दुसरी गोष्ट ‘क’ टोकाची. डावा गाळा भरलेला आणि उजवा रिकामा असताना मूर्तींचे वजन क टोकाला २.५ किलोन्यूटनने वर ओढते. माळ्याचे स्वतःचे वजन त्या टोकाला खाली दाबते ते २.२५ ने. बीम भिंतीत नुसता ठेवलेला असेल तर टोक उचलले जाईल. दिसायला एवढेच की बीमखाली बारीकशी फट, कोणी चालले की टोक वाजते, भिंतीतला गिलावा सुटतो. टोक उचलले की बीमला तीन आधार राहत नाहीत, आणि वर काढलेल्या सगळ्या रेषा त्या क्षणापुरत्या रद्द होतात. उपाय सोपा आहे, टोक बोल्टने बांधायचे. पण तो आधी सुचायला ‘क’च्या रेषेतला तो लहानसा ऋण भाग कागदावर दिसावा लागतो.

पुलावर भार पसरलेला नसतो, आसांचा असतो, आणि तो चालतो. रोह्याजवळ कुंडलिकेला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्यावर १०-१० मीटरच्या दोन सलग गाळ्यांचा पूल आहे असे समजू. धाटावच्या एमआयडीसीकडे जाणारी जड वाहने त्यावरून जातील. आयआरसी ६ मधली क्लास ए ची वाहनमाला घेऊ. तिच्यात पुढे २७ किलोन्यूटनचे दोन आस, ३.२ मीटर सोडून ११४ चे दोन, १.२ मीटर अंतराने, मग ४.३ मीटर सोडून ६८ चे चार, प्रत्येकी ३ मीटर अंतराने. सगळी मिळून ५५४ किलोन्यूटन. उदाहरणापुरती ती अख्खी एकाच बीमवर आली असे धरू. खऱ्या पुलात ती बीमांमध्ये वाटली जाते, आणि वाहनाच्या हादऱ्यासाठी वाढही धरावी लागते.

‘ब’वरचा हॉगिंग मोमेंट सर्वाधिक कधी? जड आस झोळाच्या खोल भागात, म्हणजे ‘अ’पासून ५.७७ मीटरच्या दोन्ही बाजूंना, ५.१७ आणि ६.३७ वर ठेवू. दोन्ही ठिकाणची उंची ०.९५ मीटरच्या जवळ, त्यामुळे दोन जड आसांचे मिळून सुमारे २१६ किलोन्यूटन-मीटर. आता वाहनाचे तोंड कुठे? ‘अ’कडे असेल तर पुढचे हलके आस त्याच गाळ्यात राहतात आणि फक्त १९ ची भर घालतात. पण मागचे चारही आस ‘ब’ ओलांडून उजव्या गाळ्यात असतात, आणि तो गाळाही ऋणच असल्यामुळे ते एकटे १४१ देतात. एकूण ३७५ च्या आसपास. नुसते जड आस पाहून थांबलेल्याचा आकडा यापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त कमी निघतो. रेषेचा आकार समोर नसेल तर दुसऱ्या गाळ्यातल्या शेपटीची आठवण कशी यावी? आणि गाळ्याच्या मध्यावरच्या मोमेंटसाठी तीच शेपटी उजव्या गाळ्यात असणे सोयीचे ठरते, कारण तिथे तिचे चिन्ह उलटे आहे.

रेखाटताना एक जागा अशी आहे की तिथे वर शिकलेले सगळे फसवते. आपण म्हणतो की गाळ्यातल्या मोमेंटची रेषा स्वतःच्या गाळ्यात धन आणि शेजारच्या गाळ्यात ऋण. हे बाहेरच्या आधारापासून गाळ्याच्या ०.८ पट अंतरापर्यंतच खरे आहे. त्यापुढे, मधल्या आधाराच्या जवळ, हिंज बसवून बीम वाकवला तर हिंजपासून ‘अ’पर्यंतचा लांब तुकडा वर उचलला जाण्याऐवजी बहुतेक लांबीत खाली झुकतो. १० मीटरच्या गाळ्यात ‘अ’पासून ९ मीटरवरच्या छेदासाठी ‘अ’पासून ७.४५ मीटरपर्यंतचा भाग ऋण, आणि फक्त त्यापुढचा, आधाराकडचा तुकडा धन. म्हणजे त्या छेदासाठी ‘पूर्ण गाळा भरा’ हा नियमच लागू नाही, अर्धवट भरलेला गाळा जास्त घातक ठरतो. बरोबर ०.८ वर रेषा ‘अ’पाशी आडवी होऊन सुरू होते. चित्र बरोबर आले की नाही याची ती उत्तम खूण. वरच्या सळ्या कुठे तोडायच्या हा प्रश्न नेमका याच पट्ट्यात येतो, म्हणून त्याला पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

हे सगळे आकार हाताने पाहता येतात. बांबूची किंवा प्लॅस्टिकची सरळ, सर्वत्र सारख्या जाडीची पट्टी घ्यावी, फळीवर तीन जागी खिळ्यांच्या जोड्या ठोकून त्यांमधून ती ओवावी. खिळ्यांमध्ये पट्टी सरकली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मधली जोडी काढून पट्टी तिथे ओळखता येईल इतकी वर ढकलली आणि कागदावर पेन्सिल फिरवली की ‘ब’ची प्रभावरेषा मिळते. मोजलेल्या उंच्यांना ‘ब’वरच्या उंचीने भागायचे. गाळ्याच्या मध्यावर ०.६९ ऐवजी ०.६ मिळाले तर सिद्धांत चुकत नसतो. बहुधा पट्टी एका बाजूला पातळ असते, किंवा खिळा तिला चिमटत असतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत प्रिन्स्टनच्या जॉर्ज बेग्ज यांनी याच तत्त्वावर मोजमापाचे उपकरण बनवले. त्यात हालचाली इतक्या सूक्ष्म असत की त्या सूक्ष्मदर्शकातून वाचाव्या लागत. आपल्या पट्टीला तेवढा काटेकोरपणा शक्य नाही. तिच्यावर फार मोठी वाकण दिली तर आकारच बदलतो, कारण हे सगळे लहान हालचालींसाठी आणि भार दुप्पट केला की वाकण दुप्पट होते अशा बीमसाठीच खरे आहे.

आधार खचण्याबद्दल प्रभावरेषा काहीच सांगत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. पेणच्या खाडीकडच्या खारपट्ट्यातली माती मऊ आहे. तिथे मधला खांब दोन्ही टोकांपेक्षा जास्त खचला तर ‘ब’वरचा हॉगिंग मोमेंट कमी होतो आणि गाळ्यांच्या मध्यावरचा वाढतो, बीमवर एकही किलो जास्त न ठेवता. टोकाचा आधार खचला तर याच्या उलट. हे मोमेंट बीम जितका जाड तितके मोठे येतात, त्यामुळे बीम आणखी जाड करणे हा त्यावरचा उपाय नाही. त्यांचा हिशेब रेषेतून आलेल्या आकड्यांत वेगळा मिळवावा लागतो, आणि तो करताना आधार किती मिलिमीटर खचेल हे पायाचे काम करणाऱ्याकडूनच घ्यावे लागते.